विषय : २१ एप्रिलची वार्षिक मूल्यमापन चर्चा २० किंवा २१ मे रोजी घेण्याबाबत

प्रति,
वसुली विभाग प्रमुख,
मुख्य कार्यालय, सातारा
(प्रत : मनुष्यबळ विभाग; शाखा व्यवस्थापक, कराड)

दिनांक : २ एप्रिल २०२६

आदरणीय सर,

सप्रेम नमस्कार.

मूल्यमापन चर्चेचं वेळापत्रक काल रात्री मिळालं. माझी वेळ मंगळवार, २१ एप्रिल, सकाळी ११.३० ही आहे. त्या दिवशी मी रजेवर असेन. ६ एप्रिल ते १७ मे ही माझी वैद्यकीय रजा आपण फेब्रुवारीतच मंजूर केली आहे. ही चर्चा मी रुजू झाल्यानंतर, २० किंवा २१ मे रोजी ठेवावी, अशी विनंती आहे.

८ तारखेला माझी गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया आहे. हे लिहिताना संकोच वाटला, पण नुसतं ‘पोटाचं ऑपरेशन’ म्हटलं की आठ दिवसांत माणूस उठून कामाला लागेल, असा समज होतो. गाठी मोठ्या असल्यामुळे दुर्बिणीने न करता पोट उघडून करावी लागणार आहे. डॉक्टरांनी सहा आठवडे वजन उचलायला आणि लांबचा प्रवास करायला मनाई केली आहे. २१ एप्रिलला शस्त्रक्रियेला जेमतेम तेरा दिवस झालेले असतील. कराड ते सातारा गाडीत बसून येणं मला तेव्हा जमणार नाही.

वेळापत्रकाखाली सूचना आहे की गैरहजर कर्मचाऱ्यांशी फोनवर चर्चा होईल किंवा फॉर्मवरून गुण दिले जातील. सर, या दोन्ही गोष्टी माझ्या बाबतीत करू नयेत, ही माझी खरी कळकळीची विनंती आहे. वेदनाशामक गोळ्या चालू असताना पडल्या पडल्या फोनवर मला माझं म्हणणं नीट मांडता येणार नाही. आणि फॉर्मवर फक्त आकडा दिसतो. माझ्याकडच्या ४६ थकीत खात्यांपैकी १७ नियमित झाली किंवा बंद झाली. उद्दिष्ट २२ चं होतं. कागदावर मी पाचने कमी आहे, हे मला मान्य आहे.

पण उरलेल्यांपैकी नऊ खात्यांत या वर्षी जे काम झालं, ते त्या आकड्यात कुठेच येत नाही. सहा प्रकरणांत सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखले मिळाले. त्यांतल्या दोन फाइलींमध्ये जामीनदारांचे पत्तेच चुकीचे होते. ते शोधायला मी आणि आपले शिपाईमामा पाटण तालुक्यात चार वेळा गेलो. तीन खात्यांत सरफेसीच्या कलम १३(२) च्या नोटिसा बजावल्या, पण त्यांची ६० दिवसांची मुदत ३१ मार्चनंतर संपते आहे. हे सगळं फाइली समोर ठेवून आपल्याला दाखवायचं आहे. कुठे कमी पडले, तेही आपल्याकडून समोरासमोर ऐकायचं आहे.

आणखी एक सांगते. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया जानेवारीतच सुचवली होती. हिमोग्लोबिन कमी असल्याने आधी दोन महिने औषधं घेतली आणि मार्चअखेर पार पडू द्यावी म्हणून पुढची तारीख मागून घेतली. हे उपकार म्हणून सांगत नाही. मार्चमध्ये वसुलीचं टेबल रिकामं ठेवणं मलाच पटलं नसतं.

रजेवर जाण्याआधी चर्चा उरकता येईल का, याचाही विचार केला. काल वार्षिक हिशेबासाठी बँक बंद होती, उद्या गुड फ्रायडे आहे, म्हणजे शनिवार तेवढा उरतो. त्या दिवशी आपण लेखापरीक्षकांसोबत असाल आणि मलाही टेबल हस्तांतरित करायचं आहे. घाईघाईत दहा मिनिटं मिळण्यापेक्षा मे महिन्यात अर्धा तास मिळावा, असं वाटतं.

पदोन्नती समितीची बैठक २९ मे रोजी आहे. चर्चा २१ मेपर्यंत झाली तर माझे गुण वेळेत पोहोचतील. तोपर्यंत माझा अहवाल ‘प्रलंबित’ ठेवावा, रजेमुळे तो ‘अपूर्ण’ धरला जाऊ नये, एवढं मनुष्यबळ विभागाला आपण कळवावं. स्वयंमूल्यमापनाचा फॉर्म मी २८ मार्चला भरून दिला आहे. डॉक्टरांचं प्रमाणपत्र रजेच्या अर्जासोबत आहेच.

नऊ फाइलींचा गोषवारा शनिवारी शाखा व्यवस्थापकांकडे देऊन जाते. नोटिसांच्या मुदतीच्या तारखा पहिल्याच पानावर लाल शाईने लिहिल्या आहेत. त्यातली पहिली २४ एप्रिलला संपते, तेवढी चुकू देऊ नये.

मंगळवारी, ७ तारखेला मी रुग्णालयात दाखल होत आहे. सोमवारपर्यंत आपलं उत्तर मिळालं तर निश्चिंत मनाने जाता येईल.

आपली विश्वासू,
वैशाली
वसुली अधिकारी, कराड शाखा