जगाला आरंभ आहे, जगाला आरंभ नाही: रविवारच्या बैठकीचं टिपण

नौपाड्याच्या आपल्या तत्त्वज्ञान-मंडळासाठी हे टिपण. बैठकीत आधी दोन्ही युक्तिवाद मोठ्याने वाचायचे आहेत आणि मधे कुणी अडवायचं नाही. पक्ष कोपरीचे काका वाचतील, प्रतिपक्ष घणसोलीहून येणाऱ्या ताई. दोघांची स्वतःची मतं नेमकी उलट आहेत, म्हणूनच वाटणी अशी केली आहे. जे आपल्याला पटत नाही ते पूर्ण ताकदीने मांडायचं आणि मगच खोडायचं, ही आपल्याकडच्या शास्त्रार्थाची जुनी शिस्त आहे.

मूळ मांडणी इमॅन्युएल कांटची, १७८१ च्या ‘क्रिटिक ऑफ प्युअर रीझन’मधली. त्यात असे चार वाद आहेत, हा पहिला. मी भाषांतर केलेलं नाही. कांटचं गद्य रविवारी सकाळी कुणाला ऐकवणं बरं नव्हे. युक्तिवाद त्याचा, शब्द आणि उदाहरणं आपली. अवकाशाला सीमा आहे की नाही हाही याच वादाचा भाग आहे, पण तो बाजूला ठेवला आहे. काळापुरतंच बोलू.

पक्ष: जगाला काळात आरंभ आहे

उलट धरून चालू. समजा, जगाला आरंभ नाही.

आत्ताचा हा क्षण घ्या. या क्षणाआधी जगाची एक अवस्था होती, तिच्याआधी दुसरी, तिच्याआधी तिसरी. पहिली अशी कुठलीच नसेल, तर आजवर अनंत अवस्था होऊन गेल्या असं म्हणावं लागेल. नुसत्या ‘आहेत’ असं नव्हे, एकामागून एक होऊन गेल्या, सगळ्या. त्यांतली एक जरी व्हायची राहिली असती, तरी आजचा दिवस उजाडला नसता.

आता अनंत मालिका म्हणजे काय ते पाहा. एकेक पद घेत जाऊन जी कधीही पुरी होत नाही, ती अनंत. किती मोजलं तरी पुढे उरतंच. आणि आपण तर म्हणतो आहोत की अशी मालिका आज, या क्षणी, पुरी झाली आहे. जे पुरं होऊच शकत नाही ते पुरं झालं, हा वदतोव्याघात आहे.

म्हणून होऊन गेलेल्या अवस्थांची मालिका अनंत असू शकत नाही. तिला पहिलं पद असलंच पाहिजे. जगाला आरंभ आहे.

प्रतिपक्ष: जगाला काळात आरंभ नाही

मीही उलट धरून चालते. समजा, जगाला आरंभ आहे.

आरंभ म्हणजे काय? एखादी गोष्ट आधी नव्हती आणि मग झाली. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी आली. या वाक्याला अर्थ आहे, कारण १५ एप्रिलही होता आणि त्या दिवशी गाडी नव्हती. आरंभाला आदला दिवस लागतो. मग जगाला आरंभ असेल, तर त्याच्याआधीही असा काळ हवा ज्यात जग नव्हतं. म्हणजे काहीच नव्हतं. निव्वळ रिकामा काळ.

आता १६ एप्रिललाच गाडी का आली, हे सांगता येतं. रूळ टाकून झाले होते, इंजिनं आली होती, पाहुण्यांना निमंत्रणं गेली होती. आदल्या दिवसांत असं काही होतं ज्यामुळे तोच दिवस ठरला. रिकाम्या काळात मात्र काहीच नाही. त्याचा एक क्षण दुसऱ्यासारखाच आहे. ‘जग आता व्हावं’ असं म्हणायला एका क्षणापाशी जे आहे, तेच दुसऱ्यापाशी आहे, म्हणजे काहीच नाही. अशा काळात कुठलीही गोष्ट उद्भवू शकत नाही.

म्हणून जगात अनेक गोष्टींना आरंभ असतो, पण खुद्द जगाला नाही. मागे जाऊ तितकं ते आहेच.

वाचून झाल्यावर

पहिली गोष्ट सगळ्यांच्या लक्षात येईलच. दोघांपैकी एकानेही आपलं म्हणणं सरळ सिद्ध केलेलं नाही. काकांनी आरंभ दाखवला नाही, ‘आरंभ नाही’ हे अशक्य ठरवलं. ताईंनीही तेच केलं, उलट्या बाजूने. समोरच्याचं घर पाडून दोघंही म्हणतात, बघा, माझं उभं आहे.

आता युक्तिवाद टिकतात का ते पाहू. माझ्या मते पक्ष जास्त कच्चा आहे. बर्ट्रंड रसेलने १९१४ च्या व्याख्यानांत यावर बोट ठेवलं. ‘कधीच पुरी होत नाही’ हे खरं आहे ते एकपासून सुरुवात करून पुढे जाणाऱ्या मालिकेबद्दल. आरंभ नसलेला भूतकाळ तसा नाही. ऋण संख्या घ्या: …, −३, −२, −१. या मालिकेला शेवट आहे, पहिलं पद नाही आणि तिच्यात व्याघातही नाही. काका कुठून तरी सुरुवात गृहीत धरून मग विचारतात की तिथून इथवर कसे पोचलो. पण आरंभ नसेल, तर कुठूनच निघायचं नव्हतं.

यावर काका गप्प बसणार नाहीत. ते विचारतील: बरं, समजा कुणी अनादि काळापासून उलटं मोजत आला आहे आणि आज दुपारी ‘तीन, दोन, एक’ म्हणून थांबला. तो कालच का नाही थांबला? काल दुपारपर्यंतही त्याच्यामागे तेवढाच अनंत काळ होता. याचं उत्तर रसेलच्या गणितात नाही. गणित एवढंच सांगतं की मालिकेत विसंगती नाही.

पण हा प्रश्न ओळखीचा वाटतो का? ‘आत्ताच का, आधी का नाही?’ हा तर ताईंचा प्रश्न. जग याच क्षणी का सुरू झालं, असं त्या विचारत होत्या. मोजणारा याच क्षणी का संपला, असं काका विचारताहेत. दोघं एकाच दगडाला ठेचकाळतात. आरंभ धरा, नाहीतर धरू नका. सगळ्या मालिकेलाच कारण मागितलं की ते सापडत नाही, कारण कारणं सापडतात ती मालिकेच्या आत. मला हा या वादाचा गाभा वाटतो. कांटने तो असा मांडलेला नाही, पण त्याचा रोख इकडेच आहे.

प्रतिपक्षावरचा आक्षेप याहून जुना आहे. काळ आणि जग एकदमच सुरू झाले असतील, तर ‘त्याआधी’ हा प्रश्नच उरत नाही. संत ऑगस्टिन चौथ्या-पाचव्या शतकात हेच म्हणत होता. पळवाट चांगली आहे, पण तिची किंमत मोजावी लागते. ज्याला आदला क्षण नाही, असा आरंभ अनुभवात कधीच भेटणार नाही. आपल्याला ठाऊक असलेला कुठलाच आरंभ तसा नाही. मग त्याला आरंभ म्हणताना आपण नेमकं काय म्हणतो आहोत?

मागच्या बैठकीत कुणीतरी म्हणालं होतं की बिग बँगने हा खटला निकालात काढला. नाही काढलेला. १९६५ साली सापडलेल्या, आकाशाच्या सगळ्या दिशांनी येणाऱ्या पार्श्वभूमी-प्रारणाने एवढं पक्कं केलं की सुमारे १३.८ अब्ज वर्षांपूर्वी विश्व अतिशय तप्त आणि घन होतं. समीकरणं घेऊन त्याहीमागे जायला लागलं की एका टप्प्यावर ती स्वतःच कोसळतात. ती कोसळण्याची जागा म्हणजे जगाचा आरंभ, असं म्हणायला भौतिकी पुरत नाही. आपल्याच कोल्हापूरचे जयंत नारळीकर फ्रेड हॉईलबरोबर आरंभ नसलेल्या विश्वाची बाजू लढवत राहिले. १९९३ मध्ये त्यांनी आणि जेफ्री बर्बिजने तिची सुधारित आवृत्ती मांडली. बहुतेक खगोलशास्त्रज्ञांना ती पटली नाही, कारण निरीक्षणं दुसरीकडे बोट दाखवत होती. पण हा वाद तप्त अवस्थेबद्दलचा, म्हणजे जगातल्या एका अवस्थेबद्दलचा. कांटचा वाद जगाच्या एकूण मालिकेबद्दलचा. दुर्बीण पहिल्याचा निकाल लावू शकते.

कांटचा स्वतःचा निकाल असा. दोन विरुद्ध विधानं एकाच वेळी खोटी ठरू शकतात, जर दोघांनी मिळून एखादी चुकीची गोष्ट धरली असेल. तो वासाचं उदाहरण देतो: वस्तूला एकतर सुवास येतो नाहीतर दुर्गंध, हे ऐकायला ठीक आहे, पण वस्तूला वासच नसेल तर दोन्ही खोटं. इथे धरलेली गोष्ट कोणती? ‘जग’ नावाची एक अख्खी वस्तू आपल्यासमोर तयार आहे, तिची लांबी तेवढी मोजायची आहे, ही. तसं काही आपल्या हाती नसतं, असं कांट म्हणतो. हाती असते ती एक अवस्था आणि तिच्यामागची शोधण्याचं काम. ते काम कुठेही ‘इथे संपलं’ म्हणून थांबवता येत नाही. ‘हे अनंत आहे’ म्हणून आधीच जाहीरही करता येत नाही.

बुद्धी इथे चुकून भरकटली असं तो म्हणत नाही, हे महत्त्वाचं. प्रत्येक गोष्टीची अट शोध, तिच्या अटीचीही अट शोध, ही बुद्धीचीच मागणी आहे आणि तिच्याविना विज्ञान चालणार नाही. गोची होते ती या मागणीलाच ज्ञान समजल्यावर. आणि भ्रम कळल्यावरही तो नाहीसा होत नाही, पुन्हा पुन्हा खरा वाटत राहतो.

आपल्या मंडळात कुणीतरी म्हणेलच की हे आपल्याकडे आधीच होतं. काही प्रमाणात होतं. ऋग्वेदातलं नासदीय सूक्त ‘को अद्धा वेद’, खरोखर कोण जाणतो, असं विचारतं. मीमांसकांपैकी कुमारिल जगाची एकदम झालेली उत्पत्ती आणि प्रलय, दोन्ही नाकारतो. जग शाश्वत की अशाश्वत, या मालुंक्यपुत्ताच्या प्रश्नाला बुद्धाने उत्तरच दिलं नाही. पण बुद्धाचं कारण वेगळं आहे: या उत्तराने दुःख जात नाही. कांट सांगतो ते कारण बुद्धीच्या घडणीतलं आहे. दोघांना एका माळेत ओवू नये.

माझी एक शंका उरते, ती बैठकीत सोडवायला ठेवतो. कांटला या वादातून आणखी काही मिळवायचं होतं. जग आपल्या जाणिवेपलीकडे जसंच्या तसं अख्खं असतं, तर दोन्हींपैकी एक विधान खरं ठरलं असतं. दोन्ही खोटी ठरतात, म्हणून आपल्याला दिसतं ते जग तसं नाही, असा अप्रत्यक्ष पुरावा तो काढतो. पण त्यासाठी दोन्ही युक्तिवाद बिनचूक हवेत. रसेलचं म्हणणं मानलं तर पक्ष पडतो आणि त्याबरोबर हा पुरावाही पडतो. तरीही बुद्धीच्या मर्यादेबद्दलचं त्याचं म्हणणं उभं राहतं का? मला वाटतं राहतं, कारण ‘आत्ताच का’ हा प्रश्न रसेलनंतरही दोन्ही बाजूंना तसाच अडवून धरतो. काकांना बहुधा हे पटणार नाही. त्यांनी रसेलला काय उत्तर देणार ते लिहूनच आणावं.

वेळ उरला तर दुसरा वाद घेऊ: वस्तू अविभाज्य घटकांच्या बनलेल्या आहेत की नाहीत. त्यात पक्ष ताईंकडे.