करड्या पट्टीतलं जहाज : अभिरूप न्यायाधिकरणापुढील तोंडी युक्तिवाद

भारत (अर्जदार) विरुद्ध बांगलादेश (प्रतिवादी). सागरी कायदा कराराच्या परिशिष्ट ७ खालील न्यायाधिकरण, अंतिम फेरी. बंगालच्या उपसागरातल्या दोन्ही देशांच्या सागरी सीमेसंबंधीचा २०१४ चा निवाडा प्रत्यक्षातला आहे; जहाज अडवल्याचा प्रसंग स्पर्धेसाठी कल्पिलेला आहे.

अर्जदारांच्या वकील : सन्माननीय अध्यक्ष, सन्माननीय सदस्य, मी भारतातर्फे उभी आहे. न्यायाधिकरणापुढे दोन प्रश्न आहेत. २०१४ साली आखलेली सीमा आज बदलता येते का, हा पहिला. त्या सीमेपलीकडच्या पाण्यातून जाणारं मालवाहू जहाज बांगलादेशला अडवता येतं का, हा दुसरा. पहिल्यावर मी थोडक्यात बोलेन.

७ जुलै २०१४ च्या निवाड्याने १७७ अंश ३० मिनिटांच्या दिशेने रेषा आखली. मध्यरेषा आहे तशी घेतली असती, तर आत वळलेल्या किनाऱ्यामुळे बांगलादेशचा वाटा कापला गेला असता, म्हणून ती सरकवली. प्रतिवादी आता म्हणतात, त्रिभुज प्रदेशाचा किनारा खचतोय, ज्यांवरून रेषा मोजली ते आधारबिंदू पाण्याखाली जातायत, म्हणून रेषा पुन्हा आखा.

अध्यक्ष : किनारा खचतो, हे तुम्ही नाकारता का?

अर्जदारांच्या वकील : नाही, अध्यक्ष महोदय. दक्षिण तालपट्टी बेट, आपल्याकडचं न्यू मूर, १९७० च्या चक्रीवादळानंतर वर आलं आणि पुन्हा बुडालं. तिथल्या लोकांची शेतं नदीत जातात, हे दुःख खरं आहे. पण नेमका हाच मुद्दा २०१४ च्या न्यायाधिकरणापुढे मांडला गेला होता. हवामान बदलामुळे जगभरच्या ठरलेल्या सागरी सीमा धोक्यात येऊ देता येणार नाहीत, असं त्याने स्पष्ट म्हटलं. निवाडा अंतिम आहे आणि दोन्ही देशांनी तो स्वीकारला आहे. पहिल्या प्रश्नावर याहून जास्त वेळ मी घेत नाही.

आता जहाजाकडे येते. ती रेषा दक्षिणेकडे जाताना एक चिंचोळा भाग तयार होतो. बांगलादेशच्या किनाऱ्यापासून तो २०० सागरी मैलांच्या पलीकडे आहे, पण भारताच्या किनाऱ्यापासून २०० मैलांच्या आत. यालाच करडी पट्टी म्हणतात. तिथे तळ बांगलादेशचा, म्हणजे भूखंडमंचावरचे, तळातलं तेल-वायू काढण्याचे हक्क त्यांचे. वरच्या पाण्यातले, मासेमारीसारखे, अनन्य आर्थिक क्षेत्राचे हक्क मात्र भारताकडेच राहिले. एकाच ठिकाणी दोन देशांचे हक्क एकावर एक आहेत.

या पट्टीत बांगलादेशने तरंगती रिग आणली. त्याला आमचा आक्षेप नाही. रिगभोवती त्यांनी तीन सागरी मैलांचं सुरक्षा क्षेत्र जाहीर केलं. पारादीपहून यांगूनला निघालेलं भारतीय ध्वजाचं जहाज रिगपासून दोन मैलांवरून जात होतं. लॉगबुकातली नोंद वाचते, त्यातली वाहिनी १६ म्हणजे जहाजांची रेडिओ वाहिनी : ‘०४:०६, वाहिनी १६ वर हाक. ०४:१२, उत्तर दिले, मार्ग व वेग कळवला. ०४:४०, गस्ती नौका बाजूला, इंजिन थांबवण्याचा आदेश.’ जहाज चट्टोग्रामला नेलं आणि एकोणीस दिवस अडकवून ठेवलं.

सागरी कायदा कराराच्या कलम ६० (५) नुसार सुरक्षा क्षेत्र ५०० मीटरांचं, आणि कलम ८० मुळे भूखंडमंचावरच्या रिगलाही तेच लागू. दोन सागरी मैल म्हणजे सुमारे ३,७०० मीटर; जहाज त्याच्या सातपट दूर होतं.

सदस्य (डावीकडील) : मोठं जहाज ५०० मीटरांत थांबत नाही. हा नियम अपुरा आहे, असं प्रतिवादी म्हणाले तर त्यात काय चूक?

अर्जदारांच्या वकील : नियम अपुरा वाटला तर पुढे काय करायचं, तेही त्याच कलमात आहे. सर्वमान्य आंतरराष्ट्रीय मानकं तशी असतील किंवा सक्षम आंतरराष्ट्रीय संघटनेने शिफारस केली असेल, तर ५०० मीटरांपुढे जाता येतं. इथे ती संघटना म्हणजे आंतरराष्ट्रीय सागरी संघटना. प्रतिवादींनी तिच्याकडे साधं पत्रही धाडलं नाही. जहाजांना ‘दुरून जा’ अशी सूचना ते देऊ शकत होते. पण सूचना न पाळणाऱ्याला पकडून नेण्याचा अधिकार त्या सूचनेतून मिळत नाही. निकाराग्वा विरुद्ध कोलंबिया खटल्यात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २०२२ मध्ये हेच तत्त्व लावलं. कोलंबियाने आपलं संलग्न क्षेत्र, म्हणजे प्रादेशिक समुद्रालगतचा पट्टा, २४ मैलांपलीकडे वाढवलं होतं, ते कायद्याशी विसंगत ठरलं. करारातला आकडा एका देशाला आपल्या मर्जीने वाढवता येत नाही.

सदस्य (उजवीकडील) : आणि पाठलागाचा अधिकार?

अर्जदारांच्या वकील : कलम १११ पाठलागाला परवानगी देतं, पण सुरक्षा क्षेत्राच्या नावाखाली तो करायचा, तर कायदेशीर सुरक्षा क्षेत्रात नियमभंग झालेला हवा. इथे जहाज त्या क्षेत्रात शिरलंच नाही, मग पाठलाग कशाचा? ग्रीनपीसच्या ‘आर्क्टिक सनराइज’ जहाजाच्या प्रकरणात तर आंदोलक थेट तेलमंचावर चढायला गेले होते. तरीही जहाज ताब्यात घेण्याची रशियाची कारवाई २०१५ च्या निवाड्यात बेकायदा ठरली. आमच्या जहाजाने फक्त आपली वाट धरली होती.

अध्यक्ष : एक अवघड प्रश्न विचारतो. १९९५ मध्ये करार मान्य करताना भारतानेच घोषणा केली, की आमच्या अनन्य आर्थिक क्षेत्रात संमतीशिवाय परकीय लष्करी सराव नकोत. नौकानयनाचं स्वातंत्र्य तुम्ही स्वतःपुरतंच मागताय का?

अर्जदारांच्या वकील : प्रश्न रास्त आहे. ती घोषणा लष्करी सरावांपुरती आहे आणि तिच्या वैधतेवर राष्ट्रांत मतभेद आहेत, हे मी लपवत नाही. न्यायाधिकरणाला ती अमान्य वाटली, तरी या खटल्यात भारताची बाजू लंगडी पडत नाही. कलम ५८ आणि ८७ नुसार व्यापारी जहाजाला अनन्य आर्थिक क्षेत्रातून जाण्याचं स्वातंत्र्य आहे, यावर वादच नाही. हे स्वातंत्र्य सगळ्या राष्ट्रांचं आहे, बांगलादेशच्या जहाजांचंही.

प्रतिवादींचे वकील : सन्माननीय अध्यक्ष, माझ्या विद्वान मैत्रिणीने कलम ७८ (२) कडे पाठ फिरवली. भूखंडमंचावरचे हक्क वापरताना नौकानयनात ‘असमर्थनीय’ अडथळा नको, असं ते कलम म्हणतं. म्हणजे समर्थनीय अडथळा चालतो. रिगवर माणसं काम करत होती. अंधारात एखादं जहाज आदळलं तर विहीर फुटेल आणि तेल आमच्या मच्छीमारांच्या पाण्यात पसरेल. रिगवरच्या आणि किनाऱ्यावरच्या जिवांची काळजी घेणं हा गुन्हा नाही.

अर्जदारांच्या वकील (प्रत्युत्तर) : जिवांची काळजी आम्हालाही आहे. पण कलम ७८ (२) नौकानयनाच्या हक्कांचं उल्लंघन वेगळं सांगतं आणि असमर्थनीय अडथळा वेगळा. प्रतिवादींनी फक्त दुसरा अर्धा भाग वाचला. तो अर्धाच धरला तरी अडथळा समर्थनीय कधी ठरतो? जेव्हा त्याहून सौम्य उपाय उरलेला नसतो. जहाज रेडिओवर बोलत होतं. ‘दोन मैल दक्षिणेला वळा’ असं एक वाक्य पुरलं असतं. लॉगबुकात तशी विनंती कुठेही नाही. आणि टक्कर टाळणं हाच हेतू होता, तर धोका टळल्यावर जहाज चट्टोग्रामला कशाला नेलं?

अध्यक्ष : तुमची मागणी?

अर्जदारांच्या वकील : २०१४ ची सीमा कायम असल्याचं जाहीर करावं. ५०० मीटरांपलीकडचं क्षेत्र बंधनकारक नाही, असं ठरवावं. जहाज अडवणं कलम ५८, ७८, ८७ आणि ध्वजराष्ट्राच्या अनन्य अधिकाराचं कलम ९२ यांचा भंग आहे, असं घोषित करावं. एकोणीस दिवसांची भरपाई मालकाला द्यावी, आणि स्वतंत्रपणे जहाजावर अडकून पडलेल्या प्रत्येक खलाशालाही. ‘सायगा’ जहाजाच्या खटल्यात १९९९ मध्ये सागरी न्यायाधिकरणाने जहाज, त्यावरची माणसं आणि माल हे एकच घटक मानले, त्याच आधारावर ही शेवटची मागणी आहे.

अध्यक्ष : दोन्ही पक्षांचे आभार. निर्णय राखून ठेवला आहे.