मृत्युपत्र नसताना आणि असताना: वारसा कायद्याचा उजळणी तक्ता

(एलएल.बी.च्या नागपूरच्या विद्यार्थ्यांसाठी, परीक्षेच्या आदल्या आठवड्यात)

उत्तर लिहायला घेताना "मृत्युपत्र आहे का?" हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न: "मालमत्ता नेमकी कोणाची, किती?" जे आपलं नाही ते मृत्युपत्रानं देता येत नाही. दरवर्षी सगळ्यात जास्त गुण इथेच जातात.

| मुद्दा | मृत्युपत्र नसताना | मृत्युपत्र असताना |
|---|---|---|
| वाटा कोण ठरवतं | कायदा | मृत्युपत्र करणारा |
| हिंदूंसाठी मुख्य कलमं | हिंदू उत्तराधिकार अधिनियम १९५६: कलम ८ ते १३ (पुरुष), १५-१६ (स्त्री) | त्याच अधिनियमाचं कलम ३०, सोबत भारतीय उत्तराधिकार अधिनियम १९२५, कलम ५९, ६२, ६३ |
| कोणाला मिळतं | फक्त वारसांना, ठरलेल्या क्रमाने | कोणालाही: शेजारी, संस्था, मोलकरीण |
| बदलता येतं का | नाही | हयात असेपर्यंत कितीही वेळा |
| पुरावा | नातं सिद्ध करा | सही, सुदृढ मन आणि किमान एक साक्षीदार कोर्टात |
| मुस्लिम कायदा | ठरीव हिस्से | कर्ज व दफनखर्च वजा जाता १/३ पर्यंतच; जास्त असेल तर वारसांची संमती |

मानेवाड्याचे काका. घर स्वकष्टाचं. मागे आई, पत्नी, एक मुलगा, एक मुलगी. थोरला मुलगा आधीच वारला, त्याची विधवा आणि दोन मुलं आहेत. मृत्युपत्र नाही. वाटे पाच: आई, पत्नी, मुलगा, मुलगी आणि थोरल्याची शाखा, प्रत्येकी १/५. शाखेतल्या तिघांना १/१५. काकांचे वडील हयात असते तरी त्यांना काही नाही, ते वर्ग दोनमध्ये येतात.

काकांनी सगळं पत्नीच्या नावे लिहिलं असतं तर? घर पत्नीचं. पण म्हातारी आई उघड्यावर पडत नाही: हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम १९५६ च्या कलम २२ खाली, वारशात काही न मिळालेल्या आश्रिताला मालमत्ता घेणाऱ्याकडून पोटगी मागता येते. हे कलम उत्तरात नक्की लिहा, फार कमी जण लिहितात.

काटोलची संत्राबाग. बाग वडिलोपार्जित, एकत्र कुटुंबाची. वडील २०२१ मध्ये गेले. मागे आई, मुलगा, मुलगी. इथे थांबा आणि कागदावर झाड काढा. आधी मृत्यूच्या क्षणी वाटणी झाली असं धरायचं (कलम ६). ९ सप्टेंबर २००५ पासून मुलगीही जन्माने सहदायाद आहे, आणि त्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही (विनीता शर्मा निकाल, २०२०). आपल्याकडे नवरा आणि मुलांच्या वाटणीत पत्नीलाही वाटा मिळतो. म्हणजे चौघांना १/४.

मृत्युपत्र नसेल तर वडिलांचा १/४ तिघांत जातो, १/१२ प्रत्येकी. शेवटी प्रत्येकाला १/४ + १/१२ = १/३.

मृत्युपत्रात "सगळी बाग मुलाला" असं असेल तर त्याला वडिलांचा १/४ च मिळतो. मुलगा १/२, आई १/४, मुलगी १/४. "सगळी बाग" हे शब्द मृत्युपत्रात कितीही ठळक असोत, बहिणीचा चौथा हिस्सा त्यांनी हलत नाही. सातबाऱ्यावर एकट्या भावाचा फेरफार झाला म्हणूनही हलत नाही.

धरमपेठेतली मावशी. विधवा, मूलबाळ नाही. फ्लॅट पगारातून घेतलेला, प्लॉट वडिलांकडून वारशाने आलेला. मृत्युपत्र नाही. प्लॉट वडिलांच्या वारसांकडे, म्हणजे भावाकडे (कलम १५(२)). फ्लॅट मात्र नवऱ्याच्या वारसांकडे, दिराकडे. तिची स्वतःची आई हयात असली तरीही! हा क्रम मला अन्यायकारक वाटतो, आणि परीक्षेत टीका विचारली तर तसं निःसंकोच लिहा. दोन साक्षीदारांसमोर केलेल्या एका कागदानं तिला फ्लॅट आईला देता आला असता.

मोमिनपुऱ्यातलं सुन्नी कुटुंब. पत्नी, एक मुलगा, एक मुलगी. पत्नीला १/८, उरलेले ७/८ मुलगा-मुलगीत २:१. चोवीस भाग धरा: ३, १४, ७. एखाद्या वारसाच्या नावे मृत्युपत्र असेल तर बाकी वारसांची संमती लागते, तीही मृत्यूनंतरची.

नेहमी अडकवणारे मुद्दे

उमरेडच्या एक काकू माझ्याकडे पाचशेच्या स्टॅम्प पेपरवरचं मृत्युपत्र घेऊन आल्या होत्या. नोटरीचा गोल शिक्का, नवऱ्याची सुबक सही, आणि साक्षीदार एकच. काकूंना वाटलं, शिक्का आहे म्हणजे पक्कं आहे. मृत्युपत्राला स्टॅम्पही लागत नाही, नोटरीही नाही, नोंदणी ऐच्छिक. पण दोन साक्षीदार लागतातच (कलम ६३): प्रत्येकाने सही होताना पाहिलेली किंवा करणाऱ्याने ती कबूल केलेली, आणि प्रत्येकाची सही त्याच्या समोर. दोघे एकाच वेळी हजर असलेच पाहिजेत असं नाही.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. तो रक्कम वारसांसाठी घेतो.

लग्न झालं की हिंदूचं आधीचं मृत्युपत्र रद्द होत नाही. ख्रिश्चन आणि पारशी व्यक्तीचं होतं.

खून करणारा वारस अपात्र (कलम २५). आईच्या पोटातलं बाळ जिवंत जन्मलं तर वारस (कलम २०).