मलिदा, मराठी आणि दिमोना: देश बदलला की ओळख कशाला धरून राहते

स्थलांतरित लोक परदेशात धर्म कसा टिकवतात म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर लगेच न्यू जर्सीतलं मंदिर नाहीतर लंडनचा गणपती येतो. मी या निबंधासाठी मुद्दाम बेने इस्राएल घेतलेत, कारण त्यांच्या बाबतीत सगळं गणितच उलटं होतं. हे लोक कोकणातले, आपल्या अलिबाग-पेण-रोहा पट्ट्यातले मराठी ज्यू. नवगावजवळ जहाज फुटलं, त्यातून सात जोडपी वाचली आणि त्यांच्यापासून पुढे समाज वाढला अशी त्यांची परंपरा सांगते. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावात नाव पडलं शनिवार तेली. आडनावं पेणकर, नवगावकर, दिवेकर. बोली मराठी, नेसणं-राहणं गावासारखंच, म्हणजे शेजाऱ्यांपासून वेगळं काय तर शनिवार, सुंता, खाण्याचे नियम आणि शेमाची प्रार्थना. कोकणात त्यांची ओळख धर्मावर उभी होती.

1948 नंतर हे लोक इस्राएलला जायला लागले आणि दिमोना, अशदोद, लोद, रामला अशा गावांत वसले. आता बघा, तिथे तर आजूबाजूचे बहुतेक जण शनिवार पाळतात. जी गोष्ट कोकणात वेगळेपण दाखवत होती ती तिथे कुणाच्या नजरेतही भरत नाही, आणि जे कोकणात कुणाच्या लक्षात यायचं नाही, म्हणजे मराठी बोलणं, नारळाचं जेवण, लग्नाआधीची मेंदी, तेच आता यांना बाकीच्यांपासून वेगळं करायला लागलं. माझा मुद्दा हाच आहे: स्थलांतरात समाज सगळं सारखंच जपत बसत नाही, नव्या जागी ज्याने आपण वेगळे दिसतो त्यावर जास्त जोर देतो.

त्यात अपमानाचा भागही मोठा आहे आणि तो वगळून चालणारच नाही. 1962 साली तिथल्या मुख्य धर्मपीठाने नियम काढला की बेने इस्राएलचं लग्न बाकी ज्यूंशी लावायचं असेल तर आधी त्यांची आईकडची वंशावळ तपासायची. ज्यांनी कोकणात कुणी राखण करायला नसताना पिढ्यानपिढ्या शनिवार पाळला त्यांनाच तुम्ही खरे ज्यू का असं विचारायचं! लोक चिडले, जेरुसलेममध्ये धरणं धरलं, आणि 1964 मध्ये संसदेने ठराव केला की हे सगळ्या अर्थाने ज्यूच आहेत, मग धर्मपीठालाही नमतं घ्यावं लागलं. माझ्या मते या लढ्यात समाज जेवढा एकत्र आला तेवढा नुसत्या सणावारांनी आला नसता.

आता त्यांचा मलिदा हा घरगुती विधी जरा जवळून बघू. भिजवलेले गोड पोहे, त्यात खोवलेला ओला नारळ, वेलची, सुकामेवा, ताटात भोवती फळं आणि खजूर, मग हिब्रूत आशीर्वाद आणि एलियाहू हनाबीचं गाणं. नवस फेडायचा, लग्न ठरलं, नवीन घर घेतलं, की मलिदा होतोच. एलियाहू हनाबी अलिबागजवळ खंडाळ्याला येऊन गेला अशी श्रद्धा आहे, तिथला खडक अजून दाखवतात, आणि तू बिश्वात या झाडांच्या सणाला मलिदा करायची रीत तिथूनच जोडलेली आहे. म्हणजे बायबलमधला पैगंबर, कोकणातला खडक आणि इस्राएलमधला सण हे तिन्ही एका ताटात येतात. समाजशास्त्रज्ञ दुर्खीम म्हणतो की विधीत समाज स्वतःलाच पुन्हा घडवतो, ते इथे अगदी डोळ्यांनी दिसतं. रोश हशना या ज्यू नववर्षाला करतात तो चिकाचा हलवाही तसाच, गव्हाचा चीक आणि नारळाचं दूध. ज्यूंमध्ये मांसासोबत दुधाचे पदार्थ चालत नाहीत, त्यामुळे नारळाचं दूध धर्माच्या नियमात फिट बसतं आणि कोकणी चवही राहते.

तुलनेला मॉरिशस घ्या, पण थोडक्यातच. 1834 पासून तिथे भारतीय मजूर ऊसमळ्यांवर गेले, त्यात मराठी लोकही होते. आज त्यांच्या घरात बहुतेक क्रिओलच बोलतात, मराठी शाळेत शिकतात, पण गणेश चतुर्थीला सगळ्या देशाला सुट्टी असते. तिथे भाषा घरातून निसटली आणि ओळखीचा भार देवाने उचलला. इस्राएलमध्ये आजूबाजूच्या बहुतेकांचा धर्म तोच, म्हणून तो भार आधी मराठीवर आला. तिथे मायबोली नावाचं मराठी नियतकालिक निघालं, महाराष्ट्र दिन साजरा होतो.

पण नातवंडं हिब्रूत वाढतात, सैन्यात जातात, मोरोक्कन किंवा येमेनी घरात लग्न करतात. मराठी त्यांच्यात पातळ होत जाणार, हे मान्य करायलाच हवं. मेंदी मात्र राहिली, कारण मोरोक्कन आणि येमेनी ज्यूंमध्येही लग्नाआधी मेंदी असते, त्यामुळे ती सासरच्यांना परकी वाटत नाही. मलिद्याला मराठी यायची गरज नाही, पोहे भिजवता आले की झालं. म्हणून अशा समाजाचा अभ्यास करताना प्रार्थनागृहात किती जण येतात एवढंच मोजून भागणार नाही, घरातला मलिदा कोण करतं आणि सुनेला तो कोण शिकवतं हे विचारायला हवं.