व्हिडिओ सल्ल्यापूर्वी डॉक्टरांसाठी सासूबाईंच्या चक्करेचा सारांश

आदरणीय डॉक्टर,

बुधवार, १३ ऑगस्ट २०२५ रोजी सायंकाळी पाच वाजता आपण माझ्या सासूबाईंना व्हिडिओवर तपासणार आहात. त्यांचे वय ६६ वर्षे असून आम्ही निपाणीजवळच्या खेड्यात राहतो. त्यांना ११ वर्षांपासून मधुमेह आणि ६ वर्षांपासून रक्तदाब आहे. मुख्य तक्रार चक्करेची आहे. तीन आठवडे जवळून पाहिल्यावर मला ही चक्कर एक नसून दोन निराळ्या प्रकारची वाटते, म्हणून दोन्हींची नोंद मी वेगळी ठेवली आहे. निदान अर्थातच आपले आहे.

पहिला प्रकार उपवासाच्या दिवशी, दुपारच्या आधी होतो. १२ जुलै रोजी तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा ८.४ आल्यामुळे सकाळच्या ग्लिमेपिराइडचा डोस १ मिलिग्रॅमवरून २ मिलिग्रॅम करण्यात आला. त्यानंतर २१ जुलैच्या एकादशीला त्यांना पहिल्यांदा थोडे गरगरल्यासारखे झाले, पण ते उन्हामुळे असेल असे समजून आम्ही मोजणी केली नाही. २८ जुलैच्या श्रावणी सोमवारीही तसेच झाले. ४ ऑगस्टचा सोमवार आणि ५ ऑगस्टची एकादशी असे दोन उपवास लागोपाठ आले आणि त्यातल्या दुसऱ्या दिवशीचा प्रसंग सर्वांत गंभीर होता. त्या दिवशी सकाळी आठला त्यांनी गोळ्या घेतल्या, पण फक्त अर्धा कप चहा घेऊन त्या पूजेला बसल्या. सकाळी ११.४० च्या सुमारास त्यांचे कपाळ आणि मान घामाने भिजली, हात इतके थरथरू लागले की निरांजन धरता येईना, आणि चार-पाच मिनिटे बोलणे जड झाले. त्यांच्याच शब्दांत सांगायचे तर, "डोळ्यापुढं अंधारी आली, हातापायातलं बळच गेलं, आतनं कालवल्यागत होतंय." घरच्या यंत्रावर साखर ५८ आली. त्या शुद्धीवर होत्या आणि घोट गिळत होत्या, म्हणून पेल्यात तीन चमचे साखर विरघळवून पाजली. पंधरा मिनिटांनी साखर ८४ झाली आणि त्यानंतर त्यांना वरणभात भरवला. ११ ऑगस्टच्या सोमवारी दुपारी १२.१० वाजता लक्षणे सौम्य होती, पण साखर ६६ होती. यंत्राच्या पट्ट्यांची मुदत संपलेली नाही, ते मी तपासले आहे.

दुसऱ्या प्रकाराचा उपवासाशी संबंध दिसत नाही. ८ ऑगस्ट रोजी, म्हणजे शुक्रवारी पहाटे सव्वापाचला अंथरुणातून उठून त्या न्हाणीकडे निघाल्या आणि दोन पावलांत भिंतीला टेकल्या. घाम नव्हता, थरथर नव्हती, आणि लगेच मोजलेली साखर ११८ होती. खाली बसवल्यावर अर्ध्या मिनिटात त्यांना बरे वाटले. दुसऱ्या दिवशी सकाळी आशाताईंनी रक्तदाब दोन वेळा घेतला. झोपलेल्या स्थितीत तो १३२/७८ आला आणि उभे राहून तीन मिनिटे झाल्यावर १०८/७०. हा फरक आपल्याला महत्त्वाचा वाटेल असे मला वाटते. आरोग्य केंद्राची चिठ्ठी कन्नडमध्ये आहे, पण तिच्यातले आकडे मी इथे जसेच्या तसे उतरवले आहेत.

या काळात त्यांना छातीत दुखणे, धाप लागणे, बेशुद्धी, झटका, तोंड वाकडे होणे किंवा एका बाजूचा हातपाय लुळा पडणे असे काहीही झालेले नाही. ताप, उलटी, जुलाबही नाहीत. त्या पडलेल्या नाहीत, डोक्याला मार लागलेला नाही. डाव्या कानाने ऐकू कमी येते, पण ते जुनेच आहे. दोन्ही पायांच्या घोट्यांना संध्याकाळी किंचित सूज येते आणि ती सकाळी उतरते. तीन महिन्यांपूर्वी वजन ५७ किलो होते, आता ५४ आहे.

सध्याची औषधे अशी: ग्लिमेपिराइड २ मिलिग्रॅम सकाळी न्याहारीपूर्वी, मेटफॉर्मिन ५०० मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर, टेल्मिसार्टन ४० आणि अॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम सकाळी. जुलैच्या तपासणीत क्रिएटिनिन १.३ होते. तो अहवाल आणि गोळ्यांच्या पाकिटांचे फोटो मी या मजकुरासोबत पाठवले आहेत.

आणखी तीन गोष्टी सासूबाई स्वतःहून सांगणार नाहीत, कारण त्यांच्या लेखी ती औषधे नव्हेत. जूनपासून त्या रोज सकाळी एक चमचा जांभळाच्या बियांची पूड पाण्यासोबत घेतात. ती नात्यातल्या बाईंनी दिली आहे. गुडघे दुखले की औषध दुकानातून आणलेली डायक्लोफिनॅकची गोळी आठवड्यातून दोन-तीन वेळा घेतात. आणि दात घासण्यासाठी मिश्री वापरतात, तीही दिवसातून तीन वेळा. तरुणपणी सुमारे वीस वर्षे त्यांनी विड्या वळल्या, आणि ही सवय तेव्हापासूनची आहे. मिश्रीचा विषय कॉलवर काढल्यास त्यांना ओशाळल्यासारखे होईल, म्हणून मी तो इथेच लिहून ठेवत आहे.

आम्ही स्वतःहून एकही गोळी बंद केलेली नाही किंवा डोस कमी केलेला नाही. काल, १२ ऑगस्टच्या अंगारकीला उपवास करू नये म्हणून मी आणि माझे यजमान दोघांनी त्यांना विनवले आणि त्यांनी ते ऐकले. पण १८ ऑगस्टला पुन्हा सोमवार आणि १९ ला एकादशी अशी जोडी येत आहे, आणि त्या दिवशी त्या आमचे ऐकतील याची मला खात्री नाही. उपवास सोडणे त्यांना देवाशी केलेला करार मोडल्यासारखे वाटते, आणि त्यांच्या या श्रद्धेचा मला मनापासून आदर आहे. म्हणून आपण नुसते "उपवास करू नका" असे सांगितल्यास त्या मान डोलावतील आणि पहाटे उठून पुन्हा उपाशीच गोळी घेतील, ही मला खरी भीती आहे.

आपल्याकडून मला चार उत्तरे हवी आहेत. उद्या सकाळी ग्लिमेपिराइडचा २ मिलिग्रॅमचा डोस द्यायचा का? उपवास केलाच तर त्या दिवशी कोणती गोळी टाळायची आणि शाबूची खिचडी किंवा वरीचा भात सकाळीच खाल्ला तर चालेल का? उभे राहिल्यावर रक्तदाब उतरतो, त्यासाठी रक्तदाबाच्या गोळ्यांच्या वेळा बदलाव्यात का? आणि गुडघ्यांसाठी डायक्लोफिनॅकऐवजी काय द्यावे?

कॉलच्या वेळी सासूबाई, माझे यजमान आणि मी असे तिघे असू. सासूबाईंना कन्नड समजते, पण त्या उत्तर मराठीतूनच देतात. आपण कन्नडमधून विचारले तरी मी त्यांच्या उजव्या कानाशी मोठ्याने सांगेन. पाऊस जोराचा असला की आमच्याकडे रेंज तुटते, म्हणून आम्ही सोप्यात खिडकीजवळ बसू. चित्र अडकल्यास कृपया नोंदणीत दिलेल्या क्रमांकावर साधा फोन करावा. साखर मोजण्याचे यंत्र आणि रक्तदाबाचे यंत्र समोर ठेवलेले असेल, आपण सांगाल तेव्हा तिथेच मोजणी करून दाखवता येईल. कॉलपूर्वी साखर ७० च्या खाली आली किंवा त्यांना बोलता-गिळता येईनासे झाले, तर आपली वाट न पाहता आम्ही त्यांना निपाणीच्या सरकारी दवाखान्यात नेऊ आणि तसे आपल्याला कळवू.

आपली विश्वासू,
रुग्णाची सून