आईची उद्याची दाढ काढायची अपॉइंटमेंट पुढे ढकलायची आहे

मी, बुधवार संध्याकाळी 6:35

नमस्कार ताई, उद्या गुरुवारी सकाळी 11 वाजताची अपॉइंटमेंट आहे ना आईची, उजवीकडची खालची दाढ काढायची, फाइल नंबर 412, माझ्या ह्याच मोबाइलवर रजिस्टर आहे, ती उद्या नाही जमणार, पुढे ढकलायची आहे. उद्याची वेळ आत्ताच मोकळी करून टाका प्लीज म्हणजे वेटिंगमधल्या कुणाला तरी देता येईल, कारण दाढ दुखत असताना एक दिवस लवकर नंबर लागला तर माणसाला किती हायसं वाटतं हे मी गेला आठवडाभर घरात बघतेय.

कारण सांगते, जरा मोठं आहे पण डॉक्टरांपर्यंत पूर्ण पोचायला हवं म्हणून सगळं लिहितेय. आईची हृदयाची झडप बदललेली आहे, मेटलची आहे, त्यामुळे ती रोज रात्री वॉरफरिन घेते, हे फाइलमध्ये पहिल्याच पानावर आहे. दाढ काढायच्या आदल्या दिवशी आयएनआर करून आणा असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, तो आज सकाळी केला आणि रिपोर्ट 4.6 आलाय. मागच्या महिन्यात 2.9 होता. तिला 2.5 ते 3.5 मधे ठेवायचा असतो आणि तुमच्या डॉक्टरांनीही 3.5 च्या आत असला तरच काढू असं सांगितलं होतं, म्हणजे उद्या काढणं योग्यच नाही, रक्त थांबायला खूप वेळ लागेल.

रिपोर्ट आल्याआल्या मी तिच्या हार्टच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी आधी विचारलं की मधे नवीन काही औषध चालू झालंय का. तर झालंय, शुक्रवारी रात्री हिरडी खूप सुजली होती, तुमचं क्लिनिक बंद झालेलं, मग जवळच्या दवाखान्यात दाखवलं आणि तिथे मेट्रोनिडॅझोल दिलं, 400 ची गोळी दिवसातून तीनदा, पाच दिवस. सूज त्याने खरंच उतरली, पण ह्या गोळीने वॉरफरिनचा परिणाम वाढतो आणि आयएनआर वर चढतो असं हार्टचे डॉक्टर म्हणाले. कोर्स आज दुपारी संपला. हे फाइलमध्ये मोठ्या अक्षरात लिहून ठेवा प्लीज, पुढे कधी तिला अँटिबायोटिक द्यायची वेळ आली तर लिहिणाऱ्याला दिसलं पाहिजे. तुमच्याकडून दुसरं कुठलं अँटिबायोटिक चालू नव्हतं, फक्त ही एकच गोळी.

आता त्यांनी सांगितलंय की आज रात्रीचा वॉरफरिनचा डोस घ्यायचा नाही, उद्यापासून नेहमीचाच डोस सुरू, शनिवारी एकदा आयएनआर बघायचा, आणि दाढ काढायच्या आधीच्या 24 तासांत परत एकदा. वॉरफरिन आपल्या मनाने अजून बंद ठेवायचं नाही हे त्यांनी दोनदा बजावलं कारण मेटलच्या झडपेवर गुठळी होण्याचा धोका त्याहून मोठा असतो. आईला वाटत होतं की तीन-चार दिवस गोळी बंद केली की उरकून टाकता येईल, तिला मी समजावलंय, तुम्हीही फोनवर बोललात तर तेच सांगा, तुमचं ती ऐकते.

तर ह्या सगळ्यावरून दोन वेळा सुचवतेय, ह्यातली कुठलीही चालेल

1) येत्या मंगळवारी सकाळी 10 वाजता. सोमवारी सकाळी रक्त देऊ, संध्याकाळपर्यंत रिपोर्ट मिळतो, मी लगेच तुम्हाला फोटो पाठवेन.

2) नाहीतर येत्या गुरुवारी, म्हणजे पुढच्या आठवड्यातल्या, सकाळी 10:30 वाजता, बुधवारी टेस्ट करून.

सकाळचीच वेळ मागतेय कारण दाढ काढल्यावर रक्त येत राहिलं तर दिवसाउजेडी परत आणता येतं, तुमचं क्लिनिक चालू असतं. शुक्रवार-शनिवार मुद्दाम नाही घेतले, रविवारी तुम्ही बंद असता आणि तिचं रक्त दुसऱ्या दिवशीही झिरपू शकतं. संध्याकाळची वेळ रिकामी असली तरी आम्हाला नको, त्यापेक्षा दोन दिवस थांबू.

दोन्ही वेळा अडवून ठेवू नका, जी सोयीची असेल ती एकच द्या.

आणि एक, उशीर केल्याने काही बिघडणार नाही ना हे डॉक्टरांना विचारून सांगाल का? आत्ता ताप नाहीये, तोंड पूर्ण उघडतं, गिळायला त्रास नाही, सूज बाहेरून दिसत नाही, फक्त त्या बाजूने चावलं की कळ येते आणि रात्री ठणकतं. दुखण्यावर फक्त पॅरासिटामॉल देतेय, ब्रुफेन आणि डायक्लोफिनॅक घरात असूनही देत नाही. आयएनआरच्या रिपोर्टचा फोटो खाली पाठवतेय.

क्लिनिक, 7:20

नमस्कार ताई, मेसेज मिळाला. उद्याची 11 ची वेळ कॅन्सल केली. रिपोर्ट आणि तुमचा मेसेज दोन्ही डॉक्टरांना दाखवले, आत्ता पेशंट आहे, बघून सांगते म्हणाल्या.

क्लिनिक, 7:55

ताई डॉक्टर म्हणाल्या 4.6 ला काढायचं नाहीच, बरं केलं आधी कळवलंत. थांबायला हरकत नाही पण लक्ष ठेवा, सूज जबड्याखाली किंवा गळ्याकडे उतरायला लागली, ताप आला, तोंड उघडेना, गिळता येईना किंवा श्वासाला त्रास वाटला तर अपॉइंटमेंटची वाट न बघता लगेच आणा, आणि आम्ही बंद असलो तर सरळ हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत न्या. हिरडीतून आपोआप रक्त यायला लागलं, लघवी लाल झाली, शौच काळं झालं किंवा डोक्याला मार लागला तर हार्टच्या डॉक्टरांना ताबडतोब फोन करा, वाट बघायची नाही. पॅरासिटामॉल ठीक आहे, पण तेही रोज भरपूर घेत राहिलं तर आयएनआर वाढू शकतो म्हणून किती देताय ते सांगा.

मंगळवार 10 ला एक दात भरायचा पेशंट आहे, तो हलवता येतो का बघते. 10:30 चालेल का?

मी, 8:10

500 ची एक गोळी, दिवसातून दोनदा, जास्तीत जास्त तीनदा, त्यावर नाही. हे सगळं आईला वाचून दाखवलं आणि फ्रिजवर लावून ठेवते म्हणजे मी ऑफिसला गेले तरी बाबांच्या डोळ्यासमोर राहील.

10:30 चालेल पण एक अडचण सांगते मग तुम्ही ठरवा. झडपेमुळे तिला दाढ काढायच्या आधी अमॉक्सिसिलिन 2 ग्रॅम एकदाच घ्यायचंय, ते 30 ते 60 मिनिटं आधी. हार्टच्या डॉक्टरांनी लिहून दिलंय, पेनिसिलिनची अॅलर्जी तिला नाही. आता गोळी घरून घेऊन निघालो आणि आधीच्या पेशंटचं लांबलं तर तो वेळ निघून जातो, म्हणून मी पहिला नंबर मागत होते. कुणाला उठवून आमचा नंबर लावा असं अजिबात म्हणणं नाही. 10:30 ला नक्की आत घेणार असाल तर तीच द्या, नाहीतर आम्ही 10 ला येऊन बसतो आणि तुम्ही सांगाल तेव्हा तिथेच गोळी देते, पाणी बरोबर आणते. मला हा दुसरा मार्ग जास्त बरा वाटतोय कारण मग तुमच्याही वेळेवर ताण नाही.

क्लिनिक, 8:25

हो तसंच करूया. त्या पेशंटना फोन केला, ते 11:30 ला यायला तयार आहेत, त्यामुळे पहिला नंबर तुमचाच. गोळ्या घरी देऊ नका, 9:45 पर्यंत इथे पोचा, आल्यावर लगेच देऊ, 10:30 ला आत घेऊ. डॉक्टर म्हणतात की काढल्यावर टाके घालणार आणि खड्ड्यात रक्त थांबवणारा स्पंज ठेवणार, अर्धा-पाऊण तास इथेच बसवून बघणार आणि मग सोडणार, तेव्हा 12 पर्यंत वेळ धरून या. ट्रॅनेक्झॅमिक अॅसिडची चूळ पण द्यायचा विचार आहे, ती चालेल का हे हार्टच्या डॉक्टरांकडून लिहून आणा, चिठ्ठीचा फोटो चालेल.

सोमवारी रिपोर्ट 3.5 च्या वर आला तर?

मी, 8:40

वर आला तर सोमवारी संध्याकाळी 7 च्या आत कळवते, मंगळवारची वेळ तुम्ही दुसऱ्याला द्या आणि आमचं गुरुवारी 10:30 धरा. तेव्हा गुरुवार भरलेला असेल तर पुढच्या सोमवारनंतरची सकाळची कुठलीही चालेल, फक्त आदल्या दिवशी टेस्ट करायला मिळाली पाहिजे. शनिवारचा रिपोर्टही मी पाठवते, त्यावरून अंदाज येईलच की उतरतोय का.

चुळीचं उद्या दुपारी हार्टच्या डॉक्टरांना विचारते आणि चिठ्ठी इथेच पाठवते. वॉरफरिन मंगळवारच्या आदल्या रात्री नेहमीसारखंच घ्यायचं असं ते म्हणालेत, तुमच्या डॉक्टरांचंही तेच मत आहे ना, एकदा खात्री करून द्या, कारण दोघांनी वेगवेगळं सांगितलं तर आई जे सोपं वाटेल ते करेल.

क्लिनिक, 8:50

हो, डॉक्टरही तेच म्हणतात, गोळी चुकवायची नाही. आयएनआर मर्यादेत असला की वॉरफरिन चालू ठेवूनच काढतात. फाइलवर मेट्रोनिडॅझोलचं लाल पेनने लिहिलंय, आत आणि कव्हरवर दोन्हीकडे.

तर मंगळवार, 9:45 ला पोचायचं, 10:30 ला प्रोसिजर. आईंना सकाळचा नाश्ता आणि नेहमीची बाकीची औषधं द्या, उपाशी आणू नका.

मी, 8:55

ठीक आहे ताई, मंगळवार 9:45, नाश्ता करून, अमॉक्सिसिलिन तिथे. बरोबर मी येतेय, अर्ध्या दिवसाची रजा टाकलीये, बाबा घरी थांबतील. सोमवारचा रिपोर्ट, चिठ्ठी, सध्याच्या सगळ्या औषधांची यादी आणि झडपेचं कार्ड घेऊन येते. तुम्ही आज क्लिनिकची वेळ संपत आली तरी एवढं सगळं डॉक्टरांना विचारून सांगितलंत, त्या दुसऱ्या पेशंटनाही माझ्याकडून थँक्यू सांगा. शनिवारी रिपोर्ट पाठवते.