उन्हातल्या कामाची सूचना : मजूर, मुकादम आणि ठेकेदार यांच्यासाठी

तालुका ब्रह्मपुरी, जि. चंद्रपूर
दि. १ एप्रिल २०२५ (१५ जूनपर्यंत लागू)

रोहयोचे मातीकाम, रस्त्याचे डांबरीकरण, वीटभट्टी, घरकुलाचे बांधकाम आणि मे महिन्यातला तेंदूपत्ता, सगळ्यांसाठी ही सूचना आहे. मुकादमाने ती दर सोमवारी हजेरीच्या वेळी मोठ्याने वाचावी. नुसती भिंतीला चिकटवू नये. ज्यांच्यासाठी लिहिली त्यांतल्या बऱ्याच जणांना वाचता येत नाही.

वेळ. काम सकाळी ६ ते ११ आणि दुपारी ४ नंतर. मधल्या वेळात उघड्यावर काम नाही. डांबर आणि भट्टीवाल्यांना वरून ऊन, समोरून आच. त्यांच्या पाळ्या लहान ठेवा. नवीन मजूर, तापातून उठलेला किंवा आठवडाभर घरी राहून आलेला माणूस पहिल्या दिवशी नेहमीच्या कामाच्या पाचव्या हिश्श्याएवढाच वेळ उन्हात राहील, मग रोज थोडा थोडा वाढवा. अंगाला उन्हाची सवय व्हायला एक-दोन आठवडे लागतात, आणि जास्त माणसे पहिल्या काही दिवसांतच पडतात. काम मोजून मजुरी असेल तर माणूस स्वतःहून थांबत नाही. म्हणून थांबवण्याची जबाबदारी ठेकेदाराची.

पाणी. तहानेची वाट पाहू नका. दर १५-२० मिनिटांनी एक पेला प्या. माठ किंवा कॅन कामापासून हाकेच्या अंतरावर, सावलीत. अर्धा किलोमीटरवरची बोअरिंग म्हणजे पाण्याची सोय नव्हे. बायका लघवीला आडोसा नाही म्हणून सकाळपासून घोटभरही पीत नाहीत, हे आम्ही दर उन्हाळ्यात पाहतो. चार बांबू आणि एक ताडपत्री लावून आडोसा करा. त्याशिवाय पाण्याची सोय अर्धीच. मीठ घातलेले ताक, आंबील, पन्हे चांगले. दारू नको. खिशात कांदा ठेवायचा तर ठेवा, पण दुपट्टा ओला करून डोक्याला बांधा. उपयोग त्याचा आहे. गरोदर बाई आणि बीपीच्या किंवा लघवीच्या गोळ्या घेणारे यांनी मुकादमाला आधी सांगून ठेवावे.

सुरुवातीची लक्षणे. पोटऱ्यांत किंवा पोटात गोळे, डोके ठणकणे, चक्कर, मळमळ, खूप घाम, गळाठा, लघवी कमी आणि गडद पिवळी. दोघादोघांची जोडी लावा आणि एकमेकांवर लक्ष ठेवा, कारण ज्याला होते त्याला ते कळत नाही. असे दिसले की काम बंद, सावली, पाय थोडे उंच, कपडे सैल, अंगावर ओले फडके, ओआरएस घोट घोट. एक पाकीट एक लिटर पाण्यात. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, दोन्ही चहाच्या चमच्याने. अर्ध्या तासात बरे वाटले नाही किंवा उलट्या थांबल्या नाहीत तर दवाखान्यात न्या. बरे वाटले तरी त्या दिवशी पुन्हा फावडे हातात नको.

उष्माघात. माणूस अडखळत बोलतो, असंबद्ध बोलतो, उगाच भांडतो, झोकांड्या खातो, झटका येतो किंवा बेशुद्ध पडतो. अंग भट्टीसारखे तापलेले, ताप ४० अंशांच्या वर. घाम आटलेला असेलच असे नाही. राबणाऱ्या माणसाला उष्माघातातही घाम येतो. मागच्या मे महिन्यात एका मजुराला ‘सकाळीच टाकून आला’ म्हणून झाडाखाली झोपवून ठेवले होते. त्याने दारूला हातही लावला नव्हता. उन्हात कोणी बरळायला लागला तर आधी उष्माघात समजा, चौकशी मागून करा.

१. एकाने १०८ ला फोन लावावा. बाकीच्यांनी गाडीची वाट न पाहता लगेच थंड करायला लागावे.
२. सावलीत आडवे करा, कपडे काढा. बाई असेल तर साडी-लुगड्याचा आडोसा धरून, पण वेळ न घालवता.
३. डोक्यापासून पायापर्यंत पाणी ओता, ओतत राहा. टँकर असेल तर त्याचा पाइप लावा. ओली चादर टाकून पुठ्ठ्याने, घमेल्याने जोरात वारा घाला. चादर सुकली की पुन्हा भिजवा.
४. बर्फ मिळाला तर कापडात गुंडाळून मान, काखा आणि जांघेत ठेवा.
५. शुद्धीवर नसेल तर तोंडात पाण्याचा थेंबही नको, कुशीवर वळवा. पॅरासिटामॉल देऊ नका, या तापावर ते चालत नाही.
६. गाडीतही ओले फडके आणि वारा चालू ठेवा.

ठेकेदाराने कामावर ठेवायचे : सगळ्यांना बसता येईल एवढी सावली, पाणी, ओआरएसची २० पाकिटे, दोन जुन्या चादरी, दोन बादल्या, प्रथमोपचार पेटी आणि दवाखान्यापर्यंत नेणारी एक गाडी, चालकासह. रोहयोच्या कामावर पाणी, सावली आणि प्रथमोपचार ही सोय नियमातच आहे, मेहेरबानी नाही. तब्येतीमुळे थांबलेल्याची त्या दिवशीची हजेरी कापू नये. कापली तर पुढचा माणूस चक्कर लपवेल.

ओआरएस आशाताईंकडे आणि उपकेंद्रात मोफत मिळेल. रुग्णवाहिका : १०८.

वैद्यकीय अधिकारी, प्राथमिक आरोग्य केंद्र